राउंडचे पैसे, इको आणि फोर्स बाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका राउंडचे उरलेले पैसे पुढच्या राउंडला सोबत येतात, अशा टीम शूटर गेमबद्दल पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळा हिशोब ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या स्पर्धात्मक सामन्याचा धरला आहे, म्हणजे १२-१२ राउंडचे दोन हाफ आणि १३ राउंड आधी जिंकणारा विजयी. ‘व्हॅलोरंट’चं गणित थोडं वेगळं असल्यामुळे त्यासाठी प्रश्न १४ आहे. बंदुकांच्या किमती अपडेटमध्ये वरखाली होतात, त्यामुळे आकडा एखाद-दुसऱ्या नोटेने चुकलेला दिसला तरी हिशोबाची पद्धत तीच राहते.

१. पैसे आहेत तर प्रत्येक राउंडला जमेल ते सगळं का घेऊ नये?

कारण आज खर्च केलेले पैसे उद्याच्या राउंडमधून वजा होतात आणि अर्धवट खरेदीत राउंड जिंकण्याची शक्यता फारशी वाढत नाही. एके-४७ आणि पूर्ण आर्मर घेतलेल्या पाच जणांसमोर पाच पिस्तुलं घेऊन उभं राहिलात तर बहुतेक वेळा हरणार. पिस्तुलांऐवजी दोन स्वस्त सबमशीनगन आणि तीन पिस्तुलं घेतलीत तरी बहुतेक वेळा हरणारच, फक्त या वेळी पैसेही जातील.

म्हणून एक राउंड जवळजवळ सोडून द्यायचा आणि पुढचा राउंड नीट सामानासह खेळायचा, हा सौदा परवडतो. खरेदी करताना ‘या राउंडला काय घेता येईल?’ हा दुसरा प्रश्न. ‘हा राउंड हरलो तर पुढच्या राउंडला माझ्या हातात किती असतील?’ हा पहिला. बाकी सगळी उत्तरं यातूनच निघतात.

२. इको, हाफ बाय, फोर्स, फुल बाय यांत नेमका फरक काय?

फुल बाय म्हणजे रायफल, आर्मर-हेल्मेट आणि ग्रेनेड. हल्ला करणाऱ्या टी बाजूला एके-४७ (२७००), आर्मर-हेल्मेट (१०००), स्मोक (३००), फ्लॅश (२००) आणि मोलोटोव्ह (४००) मिळून ४६०० लागतात. बचाव करणाऱ्या सीटी बाजूचं बिल जास्त येतं, कारण एम४ महाग आहे (२९००), आग लावणारा ग्रेनेडही महाग (५००) आणि वर डिफ्यूज किट (४००) हवं.

इको म्हणजे जवळजवळ काहीच न घेता पैसे साठवणं. हाफ बाय म्हणजे थोडं घ्यायचं, पण पुढच्या राउंडचा फुल बाय शाबूत राहील इतकंच. फोर्स म्हणजे पुढच्या राउंडची पर्वा न करता आहे ते सगळं आत्ताच लावणं. हाफ बाय आणि फोर्स बाहेरून सारखेच दिसतात, दोन्हीत डेझर्ट ईगल आणि आर्मर दिसेल. फरक पुढच्या राउंडला कळतो.

३. पैसे येतात तरी कुठून?

मुख्यतः तीन ठिकाणांहून. राउंड जिंकलात की प्रत्येकाला ३२५० मिळतात. बॉम्ब फुटून किंवा डिफ्यूज होऊन जिंकलात तर ३५००. हरलात तर प्रश्न ४ मधली भरपाई. तिसरी कमाई किलची, आणि ती हातातल्या हत्यारावर ठरते. रायफल आणि बहुतेक पिस्तुलांना ३००, मॅक-१० किंवा एमपी९ सारख्या सबमशीनगनला ६००, सुऱ्याने मारलं तर १५००. एडब्ल्यूपीच्या किलला मात्र फक्त १००. म्हणजे ४७५० ची बंदूक घेणारा खेळाडू भरपूर किल करूनही श्रीमंत होत नाही, आणि त्याची बंदूक पडली की टीमला ती पुन्हा घ्यायला जड जातं.

याशिवाय बॉम्ब लावणाऱ्याला आणि डिफ्यूज करणाऱ्याला व्यक्तिशः ३००. टी बाजूने बॉम्ब लावला आणि तरीही राउंड हरला, तर नेहमीच्या भरपाईवर अख्ख्या टीमला काही शे डॉलर जादा मिळतात. हरणाऱ्या राउंडमध्येही जिवावर उदार होऊन कोणीतरी बॉम्ब लावायला धावतो, ते याचसाठी.

पैशांना १६,००० ची कमाल मर्यादा आहे. त्यावर आलेलं वाया जातं. तुमच्याकडे १५,००० असतील आणि मित्राकडे २००० असतील, तर त्याला बंदूक न देणं हा निव्वळ कद्रूपणा.

४. हरल्यावर कधी १४०० मिळतात, कधी २९००. हे कशावर ठरतं?

गेम प्रत्येक टीमसाठी एक काउंटर ठेवतो. हरलात की तो एकाने वाढतो, जिंकलात की एकाने कमी होतो. काउंटर ० असताना हरलात तर १४००, १ असताना १९००, २ ला २४००, ३ ला २९०० आणि ४ ला ३४००. त्यापुढे वाढ नाही.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे हाफच्या सुरुवातीला काउंटर शून्यावर नसतो, १ वर असतो. म्हणून पिस्तूल राउंड, म्हणजे सगळ्यांकडे फक्त ८०० असतात तो हाफचा पहिला राउंड, हरणाऱ्याला १९०० मिळतात. पिस्तूल राउंड जिंकणाऱ्याचा काउंटर १ वरून ० वर येतो, आणि तो दुसरा राउंड हरला तर त्याला फक्त १४०० मिळतात. हा आकडा लक्षात ठेवा, प्रश्न ६ त्यावरच उभा आहे.

पूर्वी एक राउंड जिंकला की काउंटर थेट शून्य व्हायचा. ‘सीएस:गो’च्या काळात, २०१९ मध्ये, तो एकेकाने उतरायला लागला. समजा तुम्ही पहिले तीन राउंड हरलात, चौथा जिंकलात आणि पाचवा हरलात. काउंटर १ वरून ४ वर गेला, जिंकल्यावर ३ झाला, म्हणून पाचव्या राउंडनंतर २९०० मिळतील. जुन्या नियमात १४०० मिळाले असते. ‘एक राउंड चोरला आणि त्यातच कंगाल झालो’ ही जुनी तक्रार त्यामुळे बरीच कमी झाली. संपली मात्र नाही (प्रश्न ७).

५. पिस्तूल राउंड हरलो. दुसऱ्या राउंडला काय घ्यायचं?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून आकडे मांडूनच पाहू.

तुम्ही टी बाजूला आहात. ८०० पैकी ६५० चं आर्मर घेतलं, १५० उरले. बॉम्ब लागला नाही, तुम्हाला किल मिळाला नाही, राउंड हरलात. १९०० आले, म्हणजे दुसऱ्या राउंडच्या सुरुवातीला हातात २०५०.

आता काहीच घेतलं नाही आणि दुसरा राउंडही हरलात, तर २४०० येतील आणि तिसऱ्या राउंडला ४४५० असतील. एके आणि आर्मर-हेल्मेट ३७००, वर स्मोक आणि फ्लॅश, एकूण ४२००. नीट लढण्याइतकं सामान झालं.

त्याऐवजी २०५० चे २०५० उडवले आणि हरलात, तर तिसऱ्या राउंडला हातात २४०० येतात. त्यात एकेही येत नाही. मग तिसरा राउंड गप्प बसून काढायचा. हरल्यावर २९०० येऊन चौथ्याला ५३०० होतात. म्हणजे फोर्स फसला तर तुमचा पहिला खरा राउंड तिसऱ्याऐवजी चौथा होतो, आणि तोवर स्कोअर ०-३ असतो. त्याहून वाईट म्हणजे तिसऱ्या राउंडलाही चिडून २४०० उडवायचे. मग चौथ्या राउंडला २९०० घेऊन बसता, एके घेतली तर आर्मर नाही, आर्मर घेतलं तर एके नाही. सामने इथेच हातातून जातात, नेमबाजीत नाही.

किती खर्च चालेल हे काढायला एक साधं सूत्र पुरतं:

```
आज खर्चाची मर्यादा = हातातले पैसे + हरल्यास मिळणारी भरपाई − पुढच्या राउंडचं लक्ष्य
```

वरच्या उदाहरणात २०५० + २४०० − ४२०० = २५०. म्हणजे एखादा फ्लॅश. पण पिस्तूल राउंडमध्ये तुम्ही दोन किल केले असतील तर हातात ६०० जास्त आहेत आणि मर्यादा ८५० होते. ७०० ची डेझर्ट ईगल घ्या, पुढच्या राउंडला धक्का लागत नाही. त्यामुळे ‘इको म्हणजे कुणीही काहीच घ्यायचं नाही’ असं नाही. प्रत्येकाची मर्यादा वेगळी, पुढच्या राउंडचं लक्ष्य एक.

सीटी बाजूला तेच ४४५० हातात असतील तर एम४ (२९००), हेल्मेटशिवाय आर्मर (६५०), किट (४००), स्मोक आणि फ्लॅश यांत ते बरोबर संपतात. हेल्मेट का सोडायचं? एके-४७ ची एक गोळी डोक्याला लागली तर हेल्मेट असूनही माणूस मरतो. समोर एके येणार हे माहीत असेल तर ते ३५० किटवर लावलेले बरे. समोर इको असेल आणि पिस्तुलं येणार असतील, तर मात्र हेल्मेट हवंच.

६. मग मोठ्या स्पर्धांमधल्या टीम दुसऱ्या राउंडला सर्रास फोर्स करतात, त्या चुकतात का?

नाही. त्यांची नजर स्वतःच्या पैशांइतकीच समोरच्याच्या पैशांवर असते.

पिस्तूल राउंड जिंकलेल्या सीटीचा खिसा पाहा. १५० उरले, ३२५० मिळाले, एखादा किल धरला तर ३७०० झाले. ते एमपी९ (१२५०), आर्मर-हेल्मेट, किट आणि दोन-तीन ग्रेनेड घेतात. साधारण ३२०० गेले, ५०० उरले. अशा वेळी तुम्ही फोर्स जिंकलात तर त्यांना काउंटर ० ची भरपाई मिळते: १४००. हातात १९००, एखादा किल असेल तर थोडे जास्त. एम४ तर दूरच. तिसऱ्या राउंडला त्यांना गप्प बसावं लागतं आणि पिस्तूल राउंड जिंकल्याचा सगळा फायदा एका झटक्यात जातो. तुमचा फोर्स फसला तर नुकसान एका राउंडचं. लागला तर समोरच्याचे दोन राउंड बिघडतात. म्हणून हा जुगार मांडला जातो.

पण तो कधी मांडायचा याला अटी आहेत. पिस्तूल राउंडमध्ये बॉम्ब लागला होता, म्हणजे सगळ्यांकडे जादा पैसे आहेत. किंवा दोन-तीन जणांनी किल करून आर्मर आणि बरं पिस्तूल परवडण्याइतकं कमावलं आहे. आणि काहीतरी ठरलेला डाव आहे: पाचही जण बॉम्ब लावायच्या एकाच साइटवर फ्लॅशमागून धावणार, जवळून लढणार. लांबून एमपी९ टिपत बसेल अशा जागी स्वस्त सामान घेऊन उभं राहायचं असेल तर फोर्स करूच नका. माझं मत विचाराल तर अनोळखी लोकांसोबत खेळताना बॉम्ब लागला नसेल तर इको आणि लागला असेल तर फोर्स, एवढा ठोकळ नियमही पुरेसा आहे. पाच अनोळखी लोकांचं एकमत याहून गुंतागुंतीच्या गोष्टीवर होत नाही.

७. फोर्स जिंकलो, तरी तिसऱ्या राउंडला आमच्याकडे पैसे नव्हते. असं कसं?

जिंकल्याचे ३२५० आणि एका किलचे ३०० मिळून ३५५० होतात, कारण बाकी सगळं तुम्ही आधीच उडवलेलं होतं. राउंडमध्ये मेलेल्या खेळाडूला एके आणि साधं आर्मर (३३५०) घेता येतं. हेल्मेट नाही, ग्रेनेड फार तर एक फ्लॅश. जे वाचले त्यांचं बरं असतं, कारण त्यांच्याकडे आधीचं आर्मर आणि जमिनीवरून उचललेली एमपी९ असते.

शिवाय काउंटर पाहा. पिस्तूल राउंड हरून तो २ झाला होता, फोर्स जिंकून १ वर आला. तिसरा राउंड हरलात तर फक्त १९०० मिळतील. म्हणून फोर्स जिंकल्यावर लगेच पाचही जणांनी शेवटच्या डॉलरपर्यंत खर्च करू नये. समोरची टीम इकोवर आहे हे बहुधा माहीत असतं (प्रश्न ६), तेव्हा उचललेल्या सबमशीनगन वापरा आणि थोडे पैसे मागे ठेवा.

८. पिस्तूल राउंड जिंकलो. आता लगेच एके घ्यायची ना?

घेता येईल, पण गरज नसते. समोर पिस्तुलं आहेत, बऱ्याच जणांकडे आर्मरही नाही. मॅक-१० १०५० ची आहे आणि तिच्या प्रत्येक किलला ६०० मिळतात. एके २७०० ची आणि किलला ३००. दोन किल केलेत तर मॅक-१० स्वतःची किंमत वसूल करून वर पैसे देते. यालाच अँटी-इको म्हणतात.

दुसरा धोका एके पडण्याचा. इकोवरच्या टीमला सगळ्यात जास्त काय हवं असतं? तुमची रायफल. एका कोपऱ्यात दोघांनी मिळून तुम्हाला मारलं तर तुम्ही त्यांना २७०० ची भेट दिलीत. एकट्याने पुढे जाऊन किल शोधणारे अँटी-इको हरवतात. जोडीने चाला आणि जवळच्या कोपऱ्यांना लांबून पाहा.

तिसऱ्या राउंडला समोर फुल बाय येईल. तेव्हा सबमशीनगन वाचल्या असतील तर त्याच घेऊन खेळायचं आणि पैसे साठवायचे, हा एक मार्ग. हरलात तरी चौथ्या राउंडला भक्कम खरेदी होते; जिंकलात तर समोरच्याच्या रायफली स्वस्तात गेल्या.

९. टीम इकोवर आहे पण माझ्याकडे ५००० आहेत. मी एकट्याने रायफल घेऊ का?

साधारणपणे नको. चार पिस्तुलांसोबत एक रायफल असली की ती बहुतेक वेळा समोरच्याच्या हातात जाते. पुढच्या राउंडला जेव्हा सगळे घेतील, तेव्हा तुमच्या ५००० मध्ये भरपाई मिळून तुम्ही स्वतःचं सामान घेऊन वर एकाला बंदूकही देऊ शकाल. हातातले ५००० अधिक २४०० म्हणजे ७४००. त्यातून स्वतःचे ४२०० काढले की ३२०० उरतात: एका मित्राची एके आणि वर फ्लॅश.

अपवाद एकच. हाताशी आधीपासून वाचलेली रायफल किंवा एडब्ल्यूपी असेल तर ती फेकून द्यायची नाही. पण मग तुमचं काम मागे राहून एखाद-दुसरा किल घेणं आणि बंदूक घेऊन बाहेर पडणं. पहिल्या दारातून घुसणं तुमचं नाही.

१०. बंदूक ड्रॉप करण्याचा काही नियम आहे का?

लिखित नाही. व्यवहारात असं चालतं: आधी सगळ्यांनी आर्मर घ्यावं, कारण आर्मर दुसऱ्याला देता येत नाही, बंदूक देता येते. मग ज्याला कमी पडतंय त्याने तसं सांगावं आणि ज्याच्याकडे सगळ्यात जास्त आहेत त्याने घेऊन टाकावी. ज्याच्याकडे २३०० आहेत त्याने आर्मर आणि ग्रेनेड घेऊन १००० उरवले आणि मित्राने एके दिली, की पाचवी रायफल उभी राहिली. त्याने आधीच घाईने १८०० ची गॅलिल घेतली, तर आर्मरही गेलं आणि मित्राचे पैसेही पडून राहिले. म्हणून खरेदीची वेळ सुरू झाल्यावर पहिले चार-पाच सेकंद कुणीच बंदूक घेऊ नये.

११. चुकून भलतीच वस्तू घेतली. परत करता येते?

‘काउंटर-स्ट्राइक २’ मध्ये येते. वस्तू वापरलेली नसेल आणि खरेदीची वेळ संपली नसेल, तर खरेदीच्या मेनूतूनच ती परत करून पूर्ण पैसे मिळतात. उचललेली किंवा मागच्या राउंडची बंदूक मात्र विकता येत नाही.

१२. राउंड हातातून गेला आहे. लढायचं की बंदूक वाचवायची? आणि एकदा वाचूनही पैसे आले नाहीत, ते का?

हे दोन प्रश्न वेगवेगळे येतात, पण उत्तर एकच आहे, आणि ते कोणत्या बाजूला आहात यावर ठरतं.

तुम्ही सीटी आहात, बॉम्ब लागला आहे, समोर चार जण आणि तुम्ही एकटे. लांब पळा. बॉम्ब फुटेल, तुम्हाला भरपाई पूर्ण मिळेल आणि एम४, आर्मर, किट, ग्रेनेड सगळं पुढच्या राउंडला सोबत येईल. जवळजवळ एका अख्ख्या फुल बायचे पैसे वाचले. फक्त बॉम्बच्या स्फोटापासून दूर राहा. बंदूक वाचवायला गेलेला खेळाडू बॉम्बनेच मेला, हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

तुम्ही टी आहात, बॉम्ब लागलेला नाही आणि वेळ संपत आली आहे. आता हिशोब उलटा. वेळ संपून राउंड हरला आणि टी खेळाडू जिवंत राहिला, तर त्याला भरपाई शून्य. हा बग नाही, लपून बसणाऱ्या हल्लेखोरांसाठी मुद्दाम ठेवलेला नियम आहे. वेळ संपण्याआधी मेलेल्या तुमच्या सोबत्यांना मात्र त्यांचे पैसे मिळतात.

म्हणजे टीने वाचवायचं ठरवलं तर हातातल्या सामानाची किंमत हुकणाऱ्या भरपाईपेक्षा जास्त आहे का, ते बघायचं. काउंटर ४ वर आहे, म्हणजे ३४०० हुकणार. हातात एके आणि अर्धवट झिजलेलं आर्मर आहे. वाचवण्यात नुकसान, जा, लढा, जमलं तर बॉम्ब लावा. काउंटर ० वर आहे, १४०० हुकणार आणि हातात एडब्ल्यूपी आहे. वाचवा. नुसतं पिस्तूल हातात घेऊन कोपऱ्यात बसलेला टी मात्र कोणत्याही गणितात बसत नाही.

जिंकणाऱ्या टीमसाठीही एक इशारा. वाचवणाऱ्याच्या मागे तिघे-चौघे धावले आणि त्याने जाता जाता दोघांना मारलं, तर जिंकलेल्या राउंडमध्ये दोन रायफली आणि दोन आर्मर गेले. शिकार करायची तर दोघांनी मिळून, नाहीतर नको.

१३. समोरच्याकडे पैसे आहेत की नाहीत, हे कसं ओळखायचं? हाफच्या शेवटी काही वेगळं असतं का?

समोरच्याचे पैसे दिसत नाहीत, पण त्याचा काउंटर तुम्ही स्वतः मोजू शकता, कारण कोण किती राउंड हरलं ते स्कोअरवरच आहे. मग दोनच गोष्टी आठवायच्या: मागच्या राउंडला त्यांनी काय घेतलं होतं आणि किती जण वाचले. ते पिस्तूल राउंड हरले, दुसऱ्याला आर्मर आणि डेझर्ट ईगल दिसल्या, म्हणजे फोर्स. तोही हरले. तिसऱ्या राउंडला त्यांच्याकडे साधारण २४०० आहेत आणि किलचे वर थोडे. रायफली येणार नाहीत, लांबच्या कोनांची भीती नाही, जवळून गर्दी येण्याची भीती आहे. दुसऱ्या राउंडला मात्र समोर नुसती सुरुवातीची पिस्तुलं दिसली असतील, तर तिसऱ्याला रायफली येणार असं धरून चाला.

चार-पाच राउंड सलग हरलेल्या टीमबद्दल बेसावध राहू नका. तिला दर वेळी ३४०० मिळतात आणि एके अधिक साधं आर्मर ३३५० ला येतं. ती कधीच पूर्ण कंगाल नसते.

हाफच्या शेवटच्या राउंडला, म्हणजे बाराव्याला, पैसे साठवण्याला अर्थच नाही. बाजू बदलल्या की सगळ्यांचे पैसे ८०० होतात आणि काउंटर पुन्हा १ वर. त्यामुळे बारावा राउंड नेहमी फोर्स. समोरच्याने १२ राउंड जिंकले असतील तेव्हाही तेच; हरलात तर पुढचा राउंडच नाही. गंमत अकराव्या राउंडला असते. बाराव्याला नीट खरेदी करायची असेल तर अकराव्याला प्रश्न ५ चं सूत्र लावायचं, पण त्यानंतर एकच राउंड उरला आहे हे धरून. अकरावा सोडून बारावा जिंकण्याची खात्री नसेल, तर दोन्हीकडे पैसे वाटून अर्धवट खेळण्यापेक्षा हातात जास्त सामान येईल तो एक निवडा.

१४. व्हॅलोरंटमध्ये हेच सगळं लागू पडतं का?

विचार तोच, आकडे आणि काही नियम वेगळे. सुरुवातीला ८००, कमाल ९०००, जिंकल्यावर ३०००. हरल्यावर १९००, सलग दुसऱ्यांदा २४००, तिसऱ्यांदा आणि पुढे २९००. एक राउंड जिंकलात की ही साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, इथे काउंटर-स्ट्राइकसारखी एकेक पायरी उतरणं नाही. किलचे २००, मग बंदूक कोणतीही असो. म्हणून प्रश्न ८ मधला सबमशीनगनने पैसे कमावण्याचा मुद्दा इथे गळून पडतो; स्पेक्टर (१६००) घेतात ती फक्त स्वस्त म्हणून.

पिस्तूल राउंडला सगळे ८०० खर्च करून हरलात तर १९०० येतात. दुसराही हरलात तर आणखी २४००. व्हँडल किंवा फँटम रायफल २९०० आणि जड ढाल १०००, मिळून ३९०० हे लक्ष्य. १९०० + २४०० − ३९०० = ४००. म्हणजे दुसऱ्या राउंडला ४०० पर्यंत खर्च चालेल. पण क्षमता म्हणजे ॲबिलिटीदेखील याच पैशांतून घ्यायच्या असतात, तेव्हा तिसऱ्या राउंडला त्यांचाही हिशोब धरा. एक दिलासा असा की घेतलेली आणि न वापरलेली ॲबिलिटी तुम्ही मेलात तरी पुढच्या राउंडला टिकते. काउंटर-स्ट्राइकमध्ये मेलात की ग्रेनेड गेलेच.

हरलेल्या राउंडमध्ये वाचण्याचा दंड इथे बचाव करणाऱ्यांनाही लागतो: स्पाइक, म्हणजे इथला बॉम्ब, फुटला आणि तुम्ही जिवंत राहिलात तर पूर्ण भरपाईऐवजी फक्त १०००. त्यामुळे फँटम आणि ढाल वाचवणं परवडतं, शेरीफ पिस्तूल वाचवणं परवडत नाही. खरेदीच्या पडद्यावर पुढच्या राउंडला किमान किती असतील हा आकडा गेम स्वतःच दाखवतो. तो ३९०० च्या खाली जाणार नाही इतकाच खर्च करा आणि मग थांबा, एवढं केलंत तरी प्रश्न ५ चं सूत्र पाठ करायची गरज नाही. अतिरिक्त वेळेत मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं; तिथे प्रत्येक राउंडला सगळ्यांना ५००० मिळतात.